जुन्या सरांना रेफरन्ससाठी केलेले व्हॉट्सॲप मेसेज: यांचा नीट मेल कसा करू?

अबोली_
मंडळी, मदत हवी आहे. मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्यूसी लॅबमध्ये होते, पावणेचार वर्षं. आता पुण्याजवळच्या एका कंपनीत दोन मुलाखती झाल्या आहेत. त्यांना दोन रेफरन्स हवेत, त्यातला एक आधीच्या थेट वरिष्ठांचा. फॉर्म पुढच्या गुरुवारपर्यंत भरायचा आहे. सर आता हैदराबादला दुसऱ्या कंपनीत आहेत. त्यांना मी केलेले मेसेज जसेच्या तसे देते:

सोमवार सकाळ: "गुड मॉर्निंग सर 🙏"
"कसे आहात?"
(दुपारी सर: "मजेत. तू?")
सोमवार रात्री १०.४०: "मीपण मजेत सर. एक छोटंसं काम होतं"
मंगळवार: "सर रेफरन्स लागणार होता"
"तुमचा नंबर दिला तर चालेल ना?"
"थोडं अर्जंट आहे सर 🙏🙏"
गुरुवार: "सर??"

निळ्या टिका सगळ्यांवर आहेत, उत्तर नाही. सर स्वभावाने चांगले आहेत, मूळचे कुडाळचे, आमच्याशी मराठीतच बोलायचे. आज शुक्रवार. आता मेल करावा असं वाटतंय, पण काय लिहू? आणि इतके मेसेज करून झाल्यावर मेल केला तर डोक्यावर बसल्यासारखं होईल का?

सांजवात
"सर??" वाचून पोटात गोळा आला. दोन प्रश्नचिन्हं बघून माझे सर तर पुढच्या दिवाळीलाच बोलले असते.

टेक_तात्या
सोपं आहे. पत्र तूच तयार कर, सरांच्या नावाने, छान कौतुकाचं. त्यांना पाठव, म्हण फक्त सही करून स्कॅन पाठवा. त्यांचं काम पाच मिनिटांचं. मी तीन नोकऱ्यांत असंच केलंय.

पडताळणीवाला
अकरा वर्षं मी उमेदवारांच्या पडताळणीचं काम केलं आहे, ठाण्यात. म्हणून फोनच्या दुसऱ्या बाजूने सांगतो.

तात्या, तुमची पद्धत कंपनीने पत्रच मागितलं असेल तर एक वेळ चालते, तीही सरांनी स्वतःहून "मसुदा पाठव" म्हटलं तर. पण हल्ली खासगी कंपन्यांत बहुतेकदा पत्र कोणी मागत नाही. आमच्यासारख्या एजन्सीकडून सरांना एक लिंक जाते किंवा फोन जातो. प्रश्न ठरलेले असतात: हिला कधीपासून ओळखता, कोणत्या नात्याने, तारखा काय, काम कसं होतं, सुधारणा कुठे हवी, आणि शेवटी, संधी मिळाली तर पुन्हा घ्याल का. या शेवटच्या प्रश्नाला सर क्षणभर जरी थांबले तरी आम्ही टिपून ठेवायचो. सही केलेलं पत्र हातात असूनही फोनवर त्यांना काही आठवलं नाही, तर ते पत्र उलट अंगाशी येतं.

अबोली, तुझ्या मेसेजमध्ये चूक उद्धटपणाची नाही. चूक अशी की उत्तर द्यायला सरांना आधी तुलाच चार प्रश्न विचारावे लागतील. कुठली नोकरी? फोन येणार की फॉर्म? कोणाकडून, कधी? आणि मी काय सांगायचं? माणूस लॅबमध्ये उभा असतो, मेसेज वाचतो, "संध्याकाळी नीट बघू" म्हणतो आणि ते राहून जातं. मेलमध्ये हे चारही प्रश्न त्यांनी विचारायच्या आधीच संपले पाहिजेत. मग उत्तर एका शब्दात देता येतं.

मेपल_ठाणेकर
कॅनडाच्या पीआरसाठी असेल तर वरचं सगळं विसरा. तिथे लेटरहेडवरच पत्र लागतं. त्यात पद, कामाची यादी, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि वरिष्ठांची किंवा एचआरची सही. माझ्या जुन्या मॅनेजरने तास लिहिलेच नाहीत म्हणून मला पुन्हा करून घ्यावं लागलं. तुझ्या पत्रात "४० तास" आहे का बघून घे.

अबोली_
मेपल, धन्यवाद, पण माझं काम पुण्याचंच आहे, पीआर नाही. 🙂

मेपल_ठाणेकर
अरे हो, "पुण्याजवळच्या" वाचलंच नाही. तरी कोणाला तरी उपयोग होईल, राहू दे.

डोंगरवाट
मी निवृत्त प्लांट मॅनेजर. रेफरन्स मागणारे मेसेज मला अजूनही येतात, म्हणून सरांच्या जागेवरून लिहितो.

चार वर्षांपूर्वी एका मुलीने असंच विचारलं, "सर नंबर देऊ का?" मी अंगठा दाखवला आणि विसरलो. पंधरा दिवसांनी खंबाटकीच्या घाटात गाडी चालवत असताना अनोळखी नंबरवरून फोन. फोनवरच्या मुलीने नाव सांगितलं आणि मी म्हटलं, "या नावाची कोणी माझ्याकडे नव्हती." खरंच नव्हती. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, आणि आम्ही प्लांटमध्ये तिला आडनावानेच हाक मारायचो. रात्री घरी आल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर मी चार वेळा फोन केला, तो उलट लागणारा नंबरच नव्हता. शेवटी मुलीलाच फोन करून सगळं सांगितलं आणि तिने त्यांच्या एचआरमार्फत मला पुन्हा फोन करायला लावला. नोकरी मिळाली तिला, पण तीन आठवडे मधल्या मध्ये गेले. तो एक दिवस मला अजून टोचतो.

तेव्हा पहिल्या ओळीत कंपनीच्या कागदावर तेव्हा असलेलं नाव लिहा. मग आत्ताचं.

अबोली_
काका, माझंही आडनाव बदललंय! २०२३ मध्ये लग्न झालं. सरांना ते माहीतही नसेल. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सांजवात
+१ काका. यासाठीच हा धागा वाचनखुणेत टाकते आहे.

पडताळणीवाला
डोंगरवाट यांनी सांगितलं तसे किस्से आम्ही आठवड्याला पाहायचो. त्याचाच भाऊ म्हणजे तारखा. सीव्हीवर जुलै २०१८ लिहिलेलं असतं, सर प्रेमाने सांगतात "असेल की, २०१९ पासून". आम्हाला तो फरक अहवालात लिहावाच लागतो. सर खोटं बोलत नसतात, त्यांना आठवत नसतं. म्हणून रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखा मेलमध्ये तशाच उतरवायच्या, अंदाजाने नाही.

अजून एक. नोकरी सोडून गेलेल्या सरांचा जुना ऑफिसचा मेल आयडी बंद झालेला असतो. काही एजन्सी जीमेलचा पत्ता घेत नाहीत, ऑफिसचाच मागतात. सर आता दुसऱ्या कंपनीत आहेत, तिथला आयडी द्यायला ते कचरत असतील तर तो त्यांचा प्रश्न आहे. तू परस्पर टाकू नकोस, विचार.

कोरा_कागद
माझा अनुभव वेगळा आहे. मी मेल-बिल काही केला नाही, फोन केला. दोन मिनिटांत हो म्हणाले. आपल्याकडे आवाज ऐकला की माणूस विरघळतो. मेल पाठवणं म्हणजे परकं केल्यासारखं.

डोंगरवाट
फोनला माझी ना नाही. पण फोनवर "हो" म्हणणं आणि महिनाभराने एजन्सीला बरोबर तारीख सांगणं या दोन गोष्टी आहेत. फोन झाला तरी मागून मेल हवाच, कारण ज्या दिवशी एजन्सी फोन करेल त्या दिवशी मला शोधून उघडायला काहीतरी पाहिजे. व्हॉट्सॲपवर मी खाली-वर करत बसणार नाही.

अबोली_
सगळ्यांचं वाचून हा मसुदा केलाय. झोडपा.

विषय: विनंती
आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा बाळगते. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याचे भाग्य मला लाभले. आपल्या व्यस्त दिनचर्येतून अमूल्य वेळ काढून आपण मला रेफरन्स देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.

सांजवात
हे लग्नपत्रिकेसारखं झालंय. "आहेर आणू नये" एवढंच राहिलं.

पडताळणीवाला
विनय भरपूर आहे, माहिती एकही नाही. तुझ्या मेसेजमध्ये जे चार प्रश्न राहिले होते ते इथेही तसेच आहेत, फक्त शालू नेसून आलेत. सर तुला रोज "तू" म्हणायचे आणि तू मराठीत बोलायचीस. त्याच आवाजात लिही, नीटनेटकं. आणि त्यांनी पाहिलेली तुझी दोन-तीन कामं आठव. "मेहनती आहे" हे फोनवर प्रत्येक जण प्रत्येकाबद्दल सांगतो. त्यातून आम्हाला लिहायला काहीच मिळायचं नाही.

अबोली_
कामं म्हणजे... २०२१ च्या ऑडिटच्या आधी लॅबमध्ये डेव्हिएशनचे २३ रिपोर्ट तुंबले होते. सरांनी ते माझ्याकडे दिले, तीन आठवड्यांत संपवले. आणि एकदा एचपीएलसीवर एका गोळीचा निकाल मर्यादेबाहेर आला. सगळे म्हणत होते पुन्हा नमुना लाव, मी आधी मोबाइल फेजची नोंदवही काढून बघितली. पीएच चुकीचा लिहिला होता. सर तेव्हा माझ्या मागेच उभे होते.

डोंगरवाट
हा दुसरा किस्सा लिही. "सर मागे उभे होते" हे तर नक्कीच लिही. वाचल्या वाचल्या त्यांना ती दुपार आठवेल, आणि फोनवर ते स्वतःच्या शब्दांत सांगतील. मला मुद्दे दिले तर मी ते वाचून दाखवतो, किस्सा दिला तर सांगतो.

टेक_तात्या
पण मराठीत? रेफरन्सचा मेल मराठीत कोण लिहितं? सरांनी तो पुढे एचआरला पाठवला तर? इंग्रजीतच लिही.

कोरा_कागद
कुडाळच्या माणसाला कुडाळच्या भाषेत लिहिलं तर काय बिघडलं?

पडताळणीवाला
इथे तात्यांचं अर्धं बरोबर आहे. फॉर्म इंग्रजीत असणार, म्हणजे कामाचे मुद्दे सरांना इंग्रजीत लिहावे लागणार. ते भाषांतर त्यांच्या माथी कशाला? विनंती मराठीत, आणि तारखा, पद, कामं हा तुकडा खाली वेगळा, इंग्रजीत. त्यांना पटलं तर तिथून उचलतील.

टेक_तात्या
मला तरीही पूर्ण इंग्रजीच बरं वाटतं. असो.

अबोली_
एक गोष्ट मी सुरुवातीला लिहिली नव्हती. माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा होता. आईच्या ऑपरेशनमुळे मी ४५ दिवसांतच निघाले, उरलेल्याचे पैसे भरले. कागद सगळे नीट आहेत. पण मार्च २०२२ मध्ये लॅबमध्ये दुसरं ऑडिट होतं आणि सर अडचणीत आले. तेव्हा ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. खरं सांगायचं तर सोमवारपासून मी "गुड मॉर्निंग" आणि "छोटंसं काम" करत बसले ते त्यामुळेच. सरळ विचारायची भीती वाटत होती. हे मेलमध्ये लिहू की नको?

सांजवात
अगं, आईची तब्येत कशी आहे आता?

अबोली_
छान आहे, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आता माझ्यापेक्षा जास्त चालते.

डोंगरवाट
मेलमध्ये लिहू नकोस. ही गोष्ट बोलायची आहे. आधी फोन कर, तेवढंच बोल, रेफरन्सचं नावही काढू नकोस.

पडताळणीवाला
काका, इथे माझं मत वेगळं आहे. तीन वर्षांनी फोन करून फक्त माफी मागायची आणि दोन दिवसांनी रेफरन्स मागायचा, हे सरांना जास्त खुपेल. एक वाक्य लिही, सफाई देऊ नकोस. आणि "नाही" म्हणायची वाट मोकळी ठेव. नाखुशीने दिलेला रेफरन्स आम्हाला दहा सेकंदांत ओळखू यायचा: "हो, होती ना ती आमच्याकडे," आणि मग गप्प. त्यापेक्षा सरळ नकार आला तर तुला दुसरं नाव द्यायला वेळ तरी राहतो. म्हणून "रेफरन्स द्याल का" असं विचारू नकोस. "माझ्या कामाबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं सांगता येईल का" असं विचार.

डोंगरवाट
वाट मोकळी ठेवण्याबद्दल सहमत. माफीबद्दल नाही. माझ्या पिढीला हे फोनवरच शोभतं.

अबोली_
रात्री बसून हे लिहिलं. मसुद्यात नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात.

विषय: रेफरन्सची विनंती: अबोली (जुनं आडनाव), क्यूसी लॅब, २०१८–२२. मंगळवारपर्यंत कळवाल का?

सर, नमस्कार.

मी अबोली (जुनं आडनाव). लग्नानंतर आता अबोली (नवं आडनाव) झाले आहे, त्यामुळे फोन या नव्या नावाने येईल. गेल्या आठवड्यात तुम्हाला तुटक मेसेज केले, त्याबद्दल क्षमस्व. काय हवं आहे ते इथे नीट लिहिते.

पुण्याजवळच्या (कंपनीचं नाव) इथे सीनियर क्यूसी ॲनालिस्टच्या जागेसाठी माझ्या दोन मुलाखती झाल्या आहेत. त्यांना माझ्या आधीच्या वरिष्ठांचा रेफरन्स हवा आहे. माझ्या कामाबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं सांगता येईल का? पत्र लिहायचं नाही. त्यांची एजन्सी पुढच्या दोन आठवड्यांत एकदा फोन करेल किंवा छोटा फॉर्म पाठवेल, साधारण दहा मिनिटांचं काम आहे.

मला गुरुवारी नाव द्यायचं आहे. मंगळवारपर्यंत नुसता आकडा कळवलात तरी पुरे:
१. हो, फोन चालेल
२. हो, पण फक्त मेलवर
३. या वेळी जमणार नाही

हो असेल तर कोणता नंबर किंवा मेल आयडी देऊ, आणि कोणती वेळ बरी, तेवढं सांगा. तुमच्या उत्तराशिवाय मी तुमचा नंबर कोणालाही देणार नाही.

मार्च २०२२ मध्ये मी ऑडिटच्या तोंडावर निघाले आणि तुमची ओढाताण झाली, याची मला जाणीव आहे. त्यामुळे उत्तर ३ असेल तरी मी समजू शकते.

आठवणीसाठी खाली माझ्या तारखा, पद आणि तुम्ही पाहिलेली दोन कामं इंग्रजीत दिली आहेत. मोबाइल फेजच्या पीएचची चूक सापडली तेव्हा तुम्ही माझ्या मागेच उभे होतात. सोबत एक पानी सीव्ही आणि जागेची जाहिरात जोडली आहे.

अबोली
(मोबाइल नंबर)

पडताळणीवाला
उत्तम. दोनच सूचना. जाहिरातीची लिंक देऊ नकोस, पीडीएफ जोड. मुलाखती सुरू झाल्या की जाहिरात बऱ्याचदा काढून टाकतात. आणि सर "हो" म्हणाले की एजन्सीचं नाव तुझ्या एचआरकडून मागून घे आणि सरांना कळव. फॉर्मचा मेल हमखास स्पॅममध्ये जातो आणि फोनवर ट्रूकॉलर लाल रंग दाखवतं. कोणाकडून येणार हे माहीत असेल तर ते उचलतात.

कोरा_कागद
आकडे पाठवायला सांगणं मला जरा परीक्षेसारखं वाटलं. वरिष्ठांना पर्याय द्यायचे?

डोंगरवाट
मला आवडलं. चष्मा शोधून एक आकडा टाइप करता येतो. आणि "३" लिहिणं "जमणार नाही गं" लिहिण्यापेक्षा सोपं जातं, हेही खरं.

सांजवात
मेल केल्यावर व्हॉट्सॲपवर सांगायचं ना? की परत निळ्या टिका बघत बसायचं?

पडताळणीवाला
एकदाच: "सर, सविस्तर मेल केला आहे, सवडीने बघा." बस. त्या धाग्यात पुन्हा विनंती लिहायची नाही. मंगळवार संध्याकाळपर्यंत काही आलं नाही तर बुधवारी एक फोन, आणि तोवर दुसरं नाव तयार.

अबोली_
शनिवारी सकाळी १० वाजता पाठवला. रविवारी रात्री आलेलं उत्तर, सरांची परवानगी घेऊन देते:

"१. हाच नंबर, संध्याकाळी ७ नंतर. ऑफिसचा आयडी नको. लग्न झालं, कळवलं नाहीस. मार्चचा त्रास झाला होता, तो झालाच. पण पीएचची गोष्ट मी इथल्या पोरांनाही सांगतो. फोन आला की तीच सांगेन."

मी दोनदा वाचलं आणि नवऱ्याला वाचून दाखवताना आवाज गेला.

सांजवात
माझाही.

डोंगरवाट
छान झालं. आता लग्नाचं कळवायला फोन कर बरं. माफीही तिथेच होऊन जाईल.

अबोली_
हो काका, उद्या ७ नंतर करते. आता दुसऱ्या रेफरन्सची अडचण: सध्याच्या आधीच्या नोकरीतल्या मॅडमना हाच मेल बदलून पाठवला. त्या म्हणाल्या, कंपनीचा नियम आहे, रेफरन्स फक्त एचआर देतं. एचआर फक्त तारखा आणि पद सांगतं. हे चालतं का?

पडताळणीवाला
पडताळणी म्हणून चालतं, रेफरन्स म्हणून बहुतेक कंपन्या नाही म्हणतात. नव्या एचआरला आत्ताच मेल करून सांग की तिथला नियम असा आहे, आणि त्याऐवजी ज्यांच्या हाताखाली तू एखादा प्रोजेक्ट केलास अशा दुसऱ्या कोणाचं नाव चालेल का विचार. काही जण ऐकतात, काही थेट वरिष्ठच हवा म्हणून अडून बसतात.

टेक_तात्या
माझ्या वेळी दोन्ही नावं एकाच सरांची, दोन नंबर देऊन चालवली होती.

पडताळणीवाला
तात्या, ते कृपया इथे कोणी करू नका. दोन्ही फोनवर आवाज एकच असला की आमच्या अहवालात लाल शेरा जातो.

अबोली_
एचआरला मेल केला. विषयातच लिहिलं: "दुसऱ्या रेफरन्सबद्दल, बुधवारपर्यंत हो/नाही कळवाल का?" उत्तर आलं की इथे टाकते.